कोकाबच्या वर्तुळावरून अक्षांश: बेळगाव परिसरातील नवशिक्यांसाठी

उत्तर गोलार्धात आकाशाचा उत्तर ध्रुवबिंदू क्षितिजापासून जितके अंश वर दिसतो, तितकाच त्या ठिकाणचा अक्षांश असतो. ध्रुवबिंदूची उंची मोजली की अक्षांश मिळाला, हे शाळेत सर्वांनी वाचलेले असते. प्रत्यक्ष मोजायला बसल्यावर मात्र तीन अडचणी येतात. ध्रुवबिंदूवर कोणताही तारा नाही, क्षितिज डोंगरांनी झाकलेले असते आणि कॅमेऱ्याच्या भिंगामुळे चित्रातले अंतर व आकाशातले अंश यांचे प्रमाण सगळीकडे सारखे राहत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात राहणाऱ्यांना तिसरी अडचण जवळजवळ फुकटात टाळता येते. त्याचे कारण कोकाब नावाचा एक तारा आहे, आणि हा लेख त्याच पद्धतीपुरता आहे.

ध्रुवतारा ज्या तारकासमूहात आहे त्याला आपण ध्रुवमत्स्य म्हणतो. त्यातला दुसरा ठळक तारा म्हणजे कोकाब. त्याचा रंग किंचित नारिंगी आहे आणि तेज जवळपास ध्रुवताऱ्याइतकेच आहे. सध्या तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून 15.95 अंशांवर आहे. बेळगाव शहराचा अक्षांश सुमारे 15.85 आहे. म्हणजे ध्रुवबिंदूभोवती कोकाब जे वर्तुळ काढतो त्याची त्रिज्या आणि इथली ध्रुवबिंदूची उंची जवळजवळ सारखीच आहे, आणि ते वर्तुळ खालच्या बाजूला क्षितिजाला टेकल्यासारखे होते. ध्रुवबिंदू चित्राच्या मधोमध ठेवला, तर कोकाब आणि क्षितिज ही दोन्ही मधल्या बिंदूपासून सारख्याच अंतरावर येतात. भिंगाची विकृती मध्यापासूनच्या अंतरावर अवलंबून असल्यामुळे ती दोहोंना सारखीच लागू होते आणि भागाकार करताना निघून जाते. त्यामुळे भिंगाचे नेमके नाभीय अंतर किंवा सेन्सरचा आकार माहीत नसला तरी अडत नाही. ध्रुवबिंदूपासून क्षितिजापर्यंतचे अंतर आणि ध्रुवबिंदूपासून कोकाबपर्यंतचे अंतर, ही दोन अंतरे पिक्सेलमध्ये मोजायची आणि त्यांचे गुणोत्तर काढायचे, एवढेच काम उरते.

प्रथम वेळ ठरवावी. एप्रिलच्या मध्यात रात्री साडेआठपासून साडेअकरापर्यंत कोकाब ध्रुवताऱ्याच्या उजवीकडे राहून हळूहळू वर चढतो. सप्तर्षी तेव्हा ध्रुवताऱ्याच्या बरेच वर असतात आणि दहाच्या सुमारास क्रतु व पुलह हे दोन तारे एकाखाली एक, जवळजवळ उभ्या रेषेत येतात. पुलहाकडून क्रतूकडे जाणारी रेषा तशीच खाली वाढवली की ध्रुवतारा सापडतो. तिथून उजवीकडे थोडे वर, हात लांब करून धरलेल्या दीड मुठीच्या अंतरावर दोन तारे जोडीने दिसतात, त्यांतला ठळक व नारिंगी तो कोकाब. मार्चमध्ये हेच आकाश दोन तास उशिरा आणि फेब्रुवारीत चार तास उशिरा दिसते. डिसेंबरात रात्री आठला शर्मिष्ठा वर असते आणि कोकाब ध्रुवबिंदूच्या अगदी खाली, क्षितिजाच्या धुरळ्यात गडप झालेला असतो. त्या दिवसांत पहाटेची वाट पाहावी लागते. अमावास्येच्या आसपासचे दिवस निवडावेत. एप्रिलात वळवाचे ढग दुपारनंतर जमतात, म्हणून हातात दोन-तीन रात्री राखून ठेवणे शहाणपणाचे आहे.

जागेबाबत या भागात एक खास अडचण आहे. ध्रुवतारा इथे जेमतेम सोळा अंश वर असतो आणि खानापूरहून उत्तरेकडे पाहिले की बेळगाव शहराचा उजेड नेमका त्याच्या खाली येतो. त्यामुळे खानापूरच्या मोकळ्या माळापेक्षा जांबोटीच्या बाजूचे शेत बरे, कारण तिथून शहर ईशान्येला सरकते. मी मोजलेले उदाहरण जांबोटीच्या अलीकडच्या एका शेतातले आहे. नांगरलेल्या वावरात मात्र ट्रायपॉड ठेवू नये. तीन तासांत एक पाय अर्धा सेंटीमीटर रुतला तरी सगळे काम वाया जाते. बांधावरची किंवा खळ्याची चोपलेली जमीन सर्वांत चांगली.

आता क्षितिजाकडे येऊ, आणि इथे सावकाशीने गेलेले बरे, कारण बहुतेक चुका इथेच होतात. डोंगराची कड म्हणजे क्षितिज नव्हे. ती खऱ्या क्षितिजापेक्षा दोन-तीन अंश सहज वर असते, आणि अक्षांशाच्या एका अंशाची लांबी जवळपास 110 किलोमीटर आहे. म्हणून क्षितिज आपणच तयार करायचे. त्यासाठी गवंडी जोत्याची पातळी काढायला वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी, म्हणजे लेव्हल पाईप, पुरेशी आहे. नळीच्या दोन्ही टोकांना पाणी सारख्याच पातळीवर उभे राहते, हे तिचे सगळे तत्त्व.

कॅमेऱ्यापासून उत्तरेला दहा मीटरवर दोन बांबू रोवावेत आणि त्या दोघांत साधारण चार मीटर अंतर ठेवावे. एक ध्रुवताऱ्याच्या डावीकडे व दुसरा उजवीकडे आला पाहिजे. कॅमेरा ट्रायपॉडवर कायमचा घट्ट करून मगच नळी लावावी. नळीचे एक टोक भिंगाशेजारी धरून पाण्याची पातळी भिंगाच्या मध्याशी जुळवावी आणि दुसऱ्या टोकाची पातळी आधी एका व मग दुसऱ्या बांबूवर खुणेने नोंदवावी. प्रत्येक खुणेवर दोन सेंटीमीटर रुंदीची पांढरी चिकटपट्टी अशी लावावी की पट्टीचा मध्य खुणेवर येईल. या दोन पट्ट्यांना जोडणारी चित्रातली सरळ रेषा म्हणजे आपले क्षितिज. दोन बांबू असल्यामुळे कॅमेरा किंचित तिरका बसला तरी बिघडत नाही, कारण मग रेषाही तितकीच तिरकी येते आणि आपण ध्रुवबिंदूपासून त्या रेषेवर टाकलेला लंबच मोजणार असतो.

भिंगाचा मध्य म्हणजे नेमके काय, हे सहसा कोणी सांगत नाही. कॅमेरा सोळा अंश वर रोखलेला असतो आणि भिंग ज्या बिंदूतून जग पाहते तो बिंदू पुढच्या काचेच्या मागे असतो. तो साधारण दोन-तीन सेंटीमीटर मागे धरला, तर पुढच्या काचेच्या मध्यापेक्षा तो अर्ध्या ते पाऊण सेंटीमीटरने खाली येतो. त्यामुळे पाण्याची पातळी काचेशी न जुळवता, भिंगाच्या नळीच्या बाजूने, काचेपासून दोन-तीन सेंटीमीटर मागे, मध्यरेषेवर जुळवावी. दहा मीटरवर एक सेंटीमीटरची चूक म्हणजे 0.057 अंश, म्हणजेच जमिनीवर सहा किलोमीटरहून थोडे अधिक. नळी वीस मीटरची मिळाली तर ही चूक निम्मी होते.

भिंग असे हवे की ध्रुवतारा मधोमध ठेवल्यावर त्याच्या खाली किमान सतरा अंश चित्रात यावेत. सर्वसाधारण एपीएस-सी कॅमेऱ्यावर आडव्या चौकटीत 24 मिलिमीटर आणि फुल-फ्रेम कॅमेऱ्यावर 35 मिलिमीटर नाभीय अंतर बरोबर बसते. झूम भिंग असेल तर त्याची कडी चिकटपट्टीने बांधून टाकावी. स्वयंचलित फोकस व थरथर कमी करणारी सोय बंद करावी, आणि एखादा ठळक तारा पडद्यावर मोठा करून हाताने फोकस जुळवावा. छिद्र एफ 4 ठेवले की दहा मीटरवरच्या पट्ट्याही पुरेशा स्पष्ट येतात. ध्रुवतारा चित्राच्या मध्यात आणावा. खरा ध्रुवबिंदू त्यापासून 0.63 अंशांवर आहे, पण एवढ्याने विकृतीच्या हिशेबात फरक पडत नाही. ध्रुवतारा चित्राच्या वरच्या तिसऱ्या भागात ठेवण्याचा मोह आवरावा. तसे चित्र दिसायला सुंदर असते, पण त्यात ताऱ्यांचे माग खरी वर्तुळे राहत नाहीत, एका बाजूला ताणले जातात, आणि कोकाबचा क्षितिजाशी जमलेला मेळ मोडतो.

आयएसओ 800 ठेवून तीस सेकंदांची चित्रे, मध्ये एका सेकंदाची विश्रांती देत, तीन तास घेत राहावीत. पहिल्या आणि शेवटच्या चित्राच्या वेळी बॅटरीचा मंद उजेड दोन सेकंद दोन्ही पट्ट्यांवर टाकावा. ही सगळी साडेतीनशेच्या आसपास चित्रे StarStaX या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र केली की ताऱ्यांच्या गोल रेषांचे चित्र तयार होते. मोजण्यासाठी मात्र पहिले आणि शेवटचे अशी दोनच चित्रे पुरतात. ती GIMP या चित्र-संपादन सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक ठेवून वरच्या थराला Lighten only लावावे. चित्र कापू नये, फिरवू नये, लहान करू नये. सर्वप्रथम दोन्ही चित्रांतल्या पट्ट्या एकमेकांवर बरोबर पडतात का ते पाहावे. त्या दोन-तीन पिक्सेलहून जास्त सरकल्या असतील तर कॅमेरा हलला आहे, आणि पुढचे मोजमाप व्यर्थ आहे.

ध्रुवबिंदू शोधण्याची रीत शाळेच्या भूमितीतली आहे. कोकाबची सुरुवातीची आणि शेवटची जागा जोडली की ती त्याच्या वर्तुळाची जीवा होते. तिचा लंबदुभाजक वर्तुळकेंद्रातून, म्हणजे ध्रुवबिंदूतून जातो. ध्रुवाच्या दुसऱ्या बाजूचा, शक्यतो वर किंवा डावीकडे असलेला आणखी एखादा तारा घेऊन त्याच्याही जीवेचा लंबदुभाजक काढावा. दोन्ही जिथे छेदतात तो ध्रुवबिंदू. तिसरा तारा घेतला तर तीन रेषांचा एक लहानसा त्रिकोण होतो आणि त्याच्या आकारावरून आपल्या हातची चूक किती हे दिसते. माझ्या चित्रात तो चार पिक्सेलचा होता. एकाच तासाची चित्रे घेऊन केंद्र काढायचा प्रयत्न मीही केला होता. तासाभरात आकाश पंधराच अंश फिरते, जीवा आखूड राहते, आणि टोकावरची एका पिक्सेलची चूक केंद्रापाशी पाच पिक्सेलची होऊन बसते. तीन तासांत पंचेचाळीस अंश मिळतात आणि तीच चूक दोन पिक्सेलच्या आत येते.

घड्याळावरून एक पडताळाही करता येतो. तीन तासांत आकाश 45.1 अंश फिरते, त्यामुळे जीवेची लांबी त्रिज्येच्या 0.767 पट असायला हवी. माझ्या चित्रात कोकाबची जीवा 1344 पिक्सेल होती. तिला 0.767 ने भागले की 1752 येतात, आणि लंबदुभाजकांच्या छेदापासून कोकाबपर्यंत Measure साधनाने मोजलेले अंतरही 1752 च आले. या दोन आकड्यांत दहा-पंधरा पिक्सेलचा फरक पडला, तर वेळ चुकीची नोंदली गेली आहे, दुसराच तारा धरला आहे किंवा ध्रुवबिंदू मध्यापासून फार दूर आहे, असे समजावे.

आता हिशेब. ध्रुवबिंदूपासून क्षितिजरेषेवरचा लंब H आणि ध्रुवबिंदूपासून कोकाबपर्यंतचे अंतर K, दोन्ही पिक्सेलमध्ये, घेतल्यास

```
अक्षांश = 15.95 × (H / K) − 0.05
```

शेवटी वजा केलेले 0.05 हे वातावरणातील अपवर्तनासाठी आहेत. सोळा अंशांच्या उंचीवर हवा ताऱ्यांना सुमारे तीन कला, म्हणजे अंशाचा विसावा भाग, वर उचलून दाखवते. बांबूवरच्या पट्ट्या दहाच मीटरवर असल्याने त्यांना हा फरक लागत नाही. हा आकडा गाळला तर आपण साडेपाच किलोमीटर उत्तरेला सरकतो.

पहिल्या रात्रीचा माझा H 1722 पिक्सेल आला. 1722 भागिले 1752 म्हणजे 0.983, त्याला 15.95 ने गुणल्यावर 15.68 आणि अपवर्तन वजा करता 15.63. नकाशा त्या शेताचा अक्षांश 15.71 दाखवतो. म्हणजे मी जवळपास नऊ किलोमीटर दक्षिणेला पोहोचलो होतो. ताऱ्यांच्या बाजूने सगळे पडताळे जुळत होते, तेव्हा संशय क्षितिजावरच घ्यायला हवा होता. मी मात्र दोन दिवस जीवा पुन्हापुन्हा मोजत बसलो. शेवटी ज्यांच्याकडून नळी आणली होती त्या गवंडीमामांनाच विचारले. त्यांनी नळी उजेडात धरली, चढत्या भागात अडकलेला बोटभर लांबीचा बुडबुडा दाखवला आणि म्हणाले, "बुडबुडा हाय तोवर पाणी खोटं बोलतंय बघा." बुडबुडा बांबूच्या बाजूच्या चढावर असेल तर त्या टोकाचे पाणी वर उभे राहते, खूण खऱ्या पातळीपेक्षा वर पडते आणि ध्रुवबिंदूची उंची कमी भरते. माझा अक्षांश कमी आला होता, म्हणजे चुकीची दिशाही तीच सांगत होती.

नळी भरताना एक टोक भांड्यातल्या पाण्यात बुडवून दुसऱ्या टोकाने हळू ओढावे, आणि भरल्यावर दोन्ही टोके शेजारी धरून पाणी समान उभे राहते का ते पाहावे. असमान राहिले तर आत हवा आहे. पुढच्या मोकळ्या रात्री नळी अशी तपासून पट्ट्या नव्याने लावल्या, तेव्हा त्या सव्वा सेंटीमीटर खाली आल्या. K पुन्हा 1752 आला, H आता 1730. गुणोत्तर 0.9874, गुणाकार 15.75, आणि उत्तर 15.70. नकाशाशी फरक एका किलोमीटरचा. यात थोडा दैवाचा हात आहे हे मान्य करायला हवे, कारण या चित्रात एक पिक्सेल म्हणजेच साधारण एक किलोमीटर, आणि ध्रुवबिंदू मला दोन पिक्सेलपेक्षा अचूक ठाऊक नव्हता. पाच किलोमीटरच्या आत उत्तर आले तर मांडणी नीट झाली असे धरावे.

तीन तास थांबणे शक्य नसेल, किंवा ढगांतून एकच चित्र हाती लागले असेल, तर ताऱ्यांच्या मांडणीचा आधार घेता येतो. ध्रुवतारा आणि कोकाब हे खऱ्या ध्रुवबिंदूच्या जवळजवळ विरुद्ध बाजूंना आहेत. त्यामुळे ध्रुवबिंदू हा ध्रुवताऱ्याकडून कोकाबकडे जाणाऱ्या रेषेवर, चित्रातल्या त्या अंतराच्या सत्ताविसाव्या भागावर सापडतो. माझ्या चित्रात ही रेषा 1819 पिक्सेलची होती, म्हणून ध्रुवताऱ्यापासून कोकाबच्या दिशेने 67 पिक्सेल पुढे जायचे. दोन्ही तारे नेमके समोरासमोर नाहीत, साडेतीन अंशांची कसर आहे, म्हणून असा बिंदू जास्तीत जास्त चार किलोमीटर चुकतो. लंबदुभाजकांनी काढलेल्या बिंदूला पडताळा म्हणूनही ही रीत चांगली आहे.

यावरूनच ध्रुवताऱ्याची उंची थेट अक्षांश म्हणून घेतल्यास किती चूक होईल, हे कोकाबच्या दिशेकडे पाहून सांगता येते. कोकाब ध्रुवताऱ्याच्या सरळ उजवीकडे किंवा डावीकडे असेल तर ध्रुवतारा ध्रुवबिंदूच्याच उंचीवर असतो आणि चूक नगण्य असते. कोकाब सरळ वर असेल तर ध्रुवतारा ध्रुवबिंदूच्या 0.63 अंश खाली असतो, आणि तेवढ्याने आपण सत्तर किलोमीटर दक्षिणेला जातो. बेळगाव आणि निपाणी यांच्यातले उत्तर-दक्षिण अंतरही इतके नाही. एप्रिलात रात्री दहाला ही चूक साधारण निम्मी, म्हणजे 0.3 अंश असते.

वरचे सूत्र कुठवर चालते, हेही लक्षात ठेवावे. साधा भागाकार पुरतो तो H आणि K जवळजवळ सारखे असतात म्हणून. निपाणीत, 16.4 अंशांवर, काही अडत नाही. कोल्हापुरात, 16.7 अंशांवर, सूत्र चार-पाच किलोमीटर उत्तरेचे उत्तर देते. बिदरला, जवळपास 17.9 अंशांवर, ही चूक चौदा किलोमीटरवर जाते, शिवाय क्षितिज कोकाबपेक्षा मध्यापासून दूर पडल्याने भिंगाची विकृतीही पूर्ण निघून जात नाही. तिथे गुणोत्तराला 15.95 अंशांच्या स्पर्शकाने, म्हणजे 0.2858 ने गुणावे, आलेल्या संख्येचा व्यस्त स्पर्शक काढावा आणि मग अपवर्तन वजा करावे.